बाळंतपणाचे पैसे उसने नव्हते: जळगावातील एका कारखान्याच्या व्यवस्थापनास खुले पत्र

जळगाव, दि. 7 एप्रिल 2025

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक व मनुष्यबळ विभागप्रमुख,
अजिंठा रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्याच्या लेखा विभागात मी काम केले, तो कारखाना

विषय: प्रसूती रजेनंतर कामावर परत न येण्याचा निर्णय, माझ्याकडून मागितलेली रक्कम आणि माझी थकीत देणी

महोदय,

18 मार्च रोजी आपल्या कार्यालयाकडून मला माझ्या अंतिम हिशेबाचे पत्रक मिळाले. नोकरी सोडणाऱ्या माणसाच्या हातात हे पत्रक पडते तेव्हा त्याच्या तळाशी कारखान्याकडून येणे असलेली रक्कम असते. माझ्या पत्रकाच्या तळाशी मीच कारखान्याला 1,37,600 रुपये देणे लागते, असे लिहिलेले आहे. प्रसूती रजेत दिलेले 1,24,800 रुपये परत घ्यायचे, त्यात पूर्वसूचना न दिल्याबद्दल एका महिन्याचा पगार 24,000 रुपये मिळवायचा आणि माझ्या शिल्लक रजेचे 11,200 रुपये वजा करायचे, असा तो हिशेब आहे. ग्रॅच्युइटीच्या रकान्यात शून्य आहे आणि शेऱ्यात "पाच वर्षे पूर्ण नाहीत" असे शब्द आहेत.

बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, हे मी मान्य करते. ती ज्या मांडणीवर उभी आहे, ती मात्र कायद्याला धरून नाही. याविषयी मी आपल्याला दोन पत्रे पाठवली. पहिल्याचे उत्तर आले नाही आणि दुसऱ्याचे उत्तर म्हणजे एका फोनवर मिळालेला "समजुतीने घ्या" हा सल्ला. म्हणून हे तिसरे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे. कारखान्याचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. ज्यांना ते उद्देशून आहे त्यांना ते ओळखू येईल, आणि जळगावच्या आणखी काही कार्यालयांतही असाच हिशेब मांडला जातो, हे माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणींकडून मला ठाऊक आहे.

हे पत्र उघडपणे लिहिण्याचे दुसरे कारण मला अधिक बोचते. 2022 मध्ये गुणवत्ता तपासणी विभागातील एक ताई बाळंतपणानंतर परत आल्या नाहीत, तेव्हा त्यांचे असेच पत्रक लेखा विभागात तयार झाले आणि ते मी स्वतः टाईप केले होते. रक्कम वरून सांगितली गेली, मी ती भरली, खाली सही घेतली आणि फाईल बंद केली. त्या ताईंनी सोन्याचे काहीतरी मोडून ते पैसे भरले, एवढे नंतर कानावर आले. त्या वेळी मी कायदा उघडून पाहिला असता, तर आज मी लिहिते आहे ते तेव्हाच लिहिता आले असते.

आता माझी हकिगत तारखांसह सांगते, कारण पुढचा सगळा वाद तारखांवरच उभा आहे. मी 2 डिसेंबर 2019 रोजी लेखा सहायक म्हणून रुजू झाले. 26 ऑगस्ट 2024 पासून माझी प्रसूती रजा सुरू झाली. 30 सप्टेंबर 2024 रोजी चोपड्याला माहेरी माझी मुलगी जन्मली. सव्वीस आठवड्यांची, म्हणजे 182 दिवसांची रजा 23 फेब्रुवारी 2025 रोजी संपली. त्याआधी, 20 जानेवारी रोजी, मी लेखी कळवले की रजा संपल्यावर मी कामावर येणार नाही आणि 23 फेब्रुवारी हा माझ्या सेवेचा अखेरचा दिवस धरावा. त्या पत्राची पोचपावती माझ्याकडे आहे.

माझा निर्णय बदललेला नाही. मला परत घ्या, अशी माझी मागणी नाही. मात्र निर्णय घेण्यामागची परिस्थिती आपल्याला ठाऊक असूनही पत्रकात "स्वेच्छेने कामावर गैरहजर" असे शब्द लिहिले गेले आहेत, म्हणून ती थोडक्यात नोंदवते. ज्या आस्थापनेत पन्नास किंवा अधिक कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय असली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे, अशी दुरुस्ती 2017 साली प्रसूती लाभ अधिनियमात झाली. आपल्या हजेरीपटावर मी रजेवर गेले त्या महिन्यात 86 नावे होती. ती मोजण्याचे काम माझ्याच टेबलावर होत असे. डिसेंबरमध्ये मी पाळणाघराबद्दल लेखी विचारले, तेव्हा तोंडी उत्तर मिळाले की घरी सासूबाई असतील ना. माझ्या सासूबाई हयात नाहीत. पण त्या असत्या तरी कायद्याने कारखान्यावर टाकलेली जबाबदारी त्यांच्याकडे कशी जाते, हे मला कळलेले नाही. आठवड्यातून दोन दिवस घरून हिशेबाचे काम करू द्यावे, असेही मी विचारले होते. तो नकार मात्र आपल्या अधिकारातला होता, कारण घरून काम देणे हे कायद्यात परस्पर संमतीवर सोडलेले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा पहिला आणि मुख्य आक्षेप 1,24,800 रुपयांच्या वसुलीला आहे.

प्रसूती लाभ मिळण्यासाठी 1961 च्या अधिनियमात एकच कसोटी आहे: अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या स्त्रीने त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम केलेले असावे. ही कसोटी पूर्णपणे मागे पाहणारी आहे. बाळंतपणानंतर ती परत येईल का, किती दिवस राहील, याविषयी कायदा एक शब्दही विचारत नाही. मी त्या बारा महिन्यांत 80 च्या कितीतरी पट दिवस कामावर होते आणि त्याचे मस्टर आपल्याकडेच आहे. म्हणजे रजा सुरू झाली त्या दिवशीच माझा हक्क पूर्ण झालेला होता. तो पुढच्या नोकरीच्या भरवशावर दिलेला आगाऊ पगार नव्हता.

हा लाभ गमावण्याचा एक प्रसंग कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. मंजूर रजेच्या काळातच ती स्त्री दुसऱ्या एखाद्या आस्थापनेत काम करू लागली, तर त्या काळापुरता तिचा हक्क जातो. मी त्या सहा महिन्यांत कुठेही काम केलेले नाही, आणि केले असा आपलाही आरोप नाही. रजा संपल्यावर नोकरी सोडली म्हणून दिलेला लाभ परत घ्यावा, असे कलम त्या अधिनियमात नाही.

आपण ज्या कागदाचा आधार घेता तो माझ्या सहीचा आहे, हे मी नाकारत नाही. ऑगस्टमध्ये रजेचा अर्ज दिला तेव्हा "रजेनंतर किमान एक वर्ष सेवा करीन, अन्यथा रजेतील संपूर्ण रक्कम परत करीन" असे हमीपत्र माझ्यासमोर ठेवले गेले आणि सही झाल्याखेरीज अर्ज पुढे जाणार नाही, असे सांगितले गेले. आठवा महिना संपत आला होता, मी सही केली. परंतु याच अधिनियमाच्या 27 व्या कलमाने असे कागद निष्प्रभ केलेले आहेत. करार आधीचा असो वा नंतरचा, नेमणूकपत्रातला असो वा वेगळ्या कागदावरचा, तो या कायद्याशी विसंगत असेल तर कायदाच चालतो. स्त्रीला कायद्यापेक्षा जास्त देणारा करार टिकतो, कमी देणारा टिकत नाही. तेव्हा त्या हमीपत्रावर माझी सही आहे किंवा नाही, यावर हा वाद ठरत नाही.

एक गोष्ट आपल्याच कारखान्यातली आहे, म्हणून मांडते. पॅकिंग विभागातील ज्या भगिनींचा पगार महिना 21,000 रुपयांच्या आत आहे त्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत आणि त्यांचा प्रसूती लाभ महामंडळ देते. त्यांच्यापैकी ज्या परत आल्या नाहीत त्यांच्याकडे पैसे परत करा म्हणून कोणी गेलेले नाही. माझा पगार त्या मर्यादेच्या वर असल्यामुळे मी त्या योजनेत नव्हते आणि लाभ देण्याची जबाबदारी थेट कारखान्यावर आली. लाभ तोच आहे, त्यामागचे कारणही तेच आहे. देणारा बदलला एवढ्यावरून तो कर्ज कसा होतो?

पत्रक आले तेव्हा मी माहेरी होते. आईला आकडे समजावून सांगितले, तेव्हा तिने एकच विचारले, "बाळंतपणना पैसा उसना व्हतात का?" ती शाळेत चौथीपर्यंतच गेली आहे. तिचा प्रश्न मी जसाच्या तसा आपल्यापुढे ठेवते.

दुसरा आक्षेप, जी रक्कम दिली गेली ती मुळातच कमी होती. माझा पगार 24,000 रुपये. आपल्या कार्यालयाने त्याला तीसने भागून रोजचा दर 800 रुपये काढला. कायद्यातली पद्धत याहून थोडी निराळी आहे. तिथे रजेआधीच्या तीन महिन्यांत ज्या दिवशी काम केले त्या दिवसांच्या वेतनाची सरासरी काढायची असते. तो वाद मी उकरून काढत नाही आणि 800 चाच दर मान्य करते. पण दर ठरवताना महिना तीस दिवसांचा धरायचा, म्हणजे रविवार भागाकारात घ्यायचे, आणि रक्कम देताना तेच रविवार वगळून आठवडा सहा दिवसांचा धरायचा, हे दोन्ही एकाच वेळी करता येत नाही. आपण 26 गुणिले 6, म्हणजे 156 दिवसांचे 1,24,800 रुपये दिले. देय होते 182 दिवसांचे 1,45,600 रुपये. मधले सव्वीस रविवार, म्हणजे 20,800 रुपये, अजून कारखान्याकडे आहेत.

आठवडा सहाचा की सातचा, हा प्रश्न नवा नाही. बी. शाह विरुद्ध कोइम्बतूरचे श्रम न्यायालय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये तो निकाली काढला आहे. तिथे मळ्यात काम करणाऱ्या एका स्त्रीच्या बाबतीत मालकाने नेमके असेच रविवार वगळले होते. या कायद्यात आठवडा म्हणजे रविवारासह सलग सात दिवस, असे न्यायालयाने म्हटले. बाळंतिणीचे शरीर रविवारी कामावर जाण्याजोगे होत नाही, एवढी साधी गोष्ट त्यामागे आहे, असे मी समजते.

याच्याच जोडीचा मुद्दा रक्कम कधी दिली याचा आहे. प्रसूतीआधीच्या काळाचा लाभ गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायचा असतो आणि नंतरच्या काळाचा लाभ प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत. माझ्या बाबतीत आधीचे दिवस 35 होते, म्हणजे 28,000 रुपये ऑगस्टअखेर हातात यायला हवे होते. रुग्णालयाचे कागद माझ्या भावाने 5 ऑक्टोबरला कार्यालयात नेऊन दिले. तेव्हा उरलेली रक्कम 7 ऑक्टोबरला यायला हवी होती. प्रत्यक्षात पहिला पैसा 11 डिसेंबरला आला आणि पुढचे हप्ते पगाराप्रमाणे महिन्या-महिन्याने आले. मधल्या अडीच-तीन महिन्यांत सिझेरियनचा खर्च होता. माझ्या वडिलांची चोपडा तालुक्यात थोडी कोरडवाहू कपाशी आहे. पहिल्या वेचणीचा कापूस ते एरवी घरात ठेवतात आणि भाव बघून काढतात. या वर्षी तो ओला असतानाच खेडा खरेदीत व्यापाऱ्याला द्यावा लागला. ओलाव्याची कपात किती लागली, हे त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. ते नुकसान मी आपल्याकडे मागत नाही, कारण त्याचा कागद नाही. पण 48 तासांची अट कायद्यात कशासाठी आहे, हे मला त्या ऑक्टोबरात समजले.

कारखान्याने प्रसूतीपूर्व व नंतरची वैद्यकीय सोय विनामूल्य केलेली नसेल तर 3,500 रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा द्यावा लागतो. आपण अशी सोय केलेली नव्हती आणि ही रक्कमही दिलेली नाही. यात वादाला जागा दिसत नाही.

तिसरा आक्षेप ग्रॅच्युइटीच्या शून्याला आहे. आपल्या पत्रकात माझ्या सेवेचा अखेरचा दिवस 25 ऑगस्ट 2024, म्हणजे रजेवर जाण्याच्या आदला दिवस, असा धरला आहे. तसे धरले की सेवा 4 वर्षे 8 महिने 24 दिवस भरते आणि पाच वर्षांची अट हुकते. परंतु रजा म्हणजे सेवेतील खंड नव्हे. ग्रॅच्युइटीच्या 1972 च्या अधिनियमातच अखंड सेवेची व्याख्या करताना रजेचा काळ सेवेत धरलेला आहे, आणि वर्षाचे कामाचे दिवस मोजताना प्रसूती रजेचे दिवस काम केल्यासारखे मोजायचे, असेही तिथे लिहिलेले आहे. हे दिवस पूर्वी बारा आठवड्यांपर्यंतच मोजले जात. 2018 पासून ती मर्यादा सव्वीस आठवडे झाली. माझी पाच वर्षे 1 डिसेंबर 2024 रोजी, मुलगी दोन महिन्यांची असताना, पूर्ण झाली. 23 फेब्रुवारीपर्यंत एकूण सेवा 5 वर्षे 2 महिने 22 दिवस होते.

यात एक विसंगती आपल्याच कागदांत आहे. मी 25 ऑगस्टलाच नोकरीतून गेले असते, तर 26 ऑगस्टपासूनच्या रजेचा लाभ आपण मला कोणत्या नात्याने दिला? आणि मी 23 फेब्रुवारीपर्यंत सेवेत नव्हते, तर फेब्रुवारीतील पूर्वसूचनेचे पैसे माझ्याकडून कसे मागता येतील? वसुलीसाठी मी सेवेत आहे आणि ग्रॅच्युइटीसाठी सेवेत नाही, अशी दोन उत्तरे एकाच पानावर आहेत.

ग्रॅच्युइटी मूळ पगार व महागाई भत्ता यांवर काढतात. माझ्या बाबतीत ती रक्कम 15,600 रुपये आहे. तिला 26 ने भागले की दिवसाचे 600 रुपये येतात. वर्षाला पंधरा दिवस म्हणजे 9,000 रुपये, आणि पाच वर्षांचे 45,000 रुपये. वरचे दोन महिने सहा महिन्यांपेक्षा कमी असल्यामुळे ते मोजले जात नाहीत आणि मी ते मागत नाही. मी 1 मार्चला विहित नमुन्यात अर्ज दिला होता. अर्ज दिला नसता तरी रक्कम ठरवून कळवणे हे मालकाचे काम असते. देण्याची मुदत 30 दिवस, ती 25 मार्चला संपली. त्यापुढच्या विलंबावर साधे व्याज लागते.

हीच चुकीची तारीख भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतही जाईल, अशी मला भीती आहे. नोकरी सोडल्याची तारीख कारखान्याने तिथे 25 ऑगस्ट अशी भरली, तर माझी सेवा तिथेही पाच वर्षांच्या आत दिसेल, आणि पाच वर्षांच्या आत काढलेल्या निधीवर प्राप्तिकराचा प्रश्न येतो. मी तो निधी आत्ता काढणार नाही. मुलगी मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी धरायची आहे आणि तेव्हा तो नव्या खात्यात वळवायचा आहे. म्हणून तारीख बरोबर असणे मला पैशाइतकेच महत्त्वाचे वाटते.

राहिला पूर्वसूचनेचा मुद्दा. हा कायद्याचा नसून नेमणूकपत्राचा आहे, म्हणून तेवढ्याच पातळीवर बोलते. माझ्या नेमणूकपत्रात "एक महिन्याची लेखी पूर्वसूचना" एवढेच शब्द आहेत. ती कार्यालयात खुर्चीवर बसून द्यावी, रजेत दिलेली चालणार नाही, असे त्यात नाही. 20 जानेवारी ते 23 फेब्रुवारी हे 34 दिवस होतात. कामाची सूत्रे देण्यासाठी मी फेब्रुवारीत दोन दिवस येईन, असेही त्या पत्रात लिहिले होते. बोलावणे आले नाही. जीएसटीच्या विवरणपत्रांचे आणि टॅलीतील खात्यांचे सगळे तपशील मी रजेवर जातानाच लिहून दिले होते, आणि माझ्या जागी आलेल्या मुलाने ऑक्टोबरात मला बाळंतिणीच्या खोलीत चार वेळा फोन केला होता, तेव्हाही मी उत्तरे दिली. त्याचा दोष नाही, त्याला कोणी शिकवले नव्हते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रसूती लाभाच्या 1,24,800 रुपयांची आणि पूर्वसूचनेच्या 24,000 रुपयांची वसुली लेखी पत्राने मागे घ्यावी, आणि ऑगस्टमधील हमीपत्र रद्द करून मूळ प्रत मला परत करावी.

सव्वीस रविवारांचे 20,800, वैद्यकीय बोनसचे 3,500, ग्रॅच्युइटीचे 45,000 आणि आपण स्वतः मान्य केलेल्या शिल्लक रजेचे 11,200, असे एकूण 80,500 रुपये, ग्रॅच्युइटीवरील व्याजासह माझ्या खात्यात जमा करावेत. 2024-25 या वर्षाचा वार्षिक बोनस इतरांना देताना माझाही हिशेब करावा; त्यातही पगारी प्रसूती रजेचे दिवस कामाचे धरले जातात.

अनुभवपत्रात आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत सेवेचा अखेरचा दिवस 23 फेब्रुवारी 2025 असाच लिहावा आणि "स्वेच्छेने गैरहजर" हे शब्द काढून "राजीनामा" असे लिहावे. अनुभवपत्र पैशांच्या वादात अडकवू नये.

शेवटची मागणी माझ्यासाठी नाही. प्रसूती लाभ अधिनियमाचा गोषवारा मराठीत, जिथे स्त्रिया काम करतात त्या प्रत्येक विभागात दिसेल असा लावणे मालकावर बंधनकारक आहे, आणि नेमणुकीच्या वेळी प्रत्येक स्त्रीला हे लाभ लेखी कळवणेही. पाच वर्षांत असा कागद मी आपल्या भिंतीवर पाहिलेला नाही. तो लावावा. आणि 2022 मध्ये ज्या ताईंकडून रक्कम वसूल केली गेली त्यांची फाईल पुन्हा उघडून पैसे परत करावेत. त्या फाईलमधील टिपण माझ्या हातचे आहे, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

या पत्राची प्रत मी जळगावच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयाला पाठवत आहे. ती अजून तक्रार नाही. 30 एप्रिलपर्यंत वरील गोष्टी झाल्या नाहीत, तर प्रसूती लाभाबाबत त्या अधिनियमाखालील निरीक्षकाकडे आणि ग्रॅच्युइटीबाबत नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे मी स्वतंत्र अर्ज करीन. लाभ न दिल्यास मालकाला तीन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद कायद्यात आहे. ती वापरण्याची वेळ यावी, अशी माझी इच्छा नाही. ज्या कारखान्याच्या पगारावर माझे लग्नानंतरचे घर उभे राहिले, त्याच्याशी वैर धरायचे मला कारण नाही.

30 एप्रिलला आखाजी आहे. त्या आठवड्यात मी चोपड्याला माहेरी असेन. तिथला पत्ता रजेच्या अर्जावर आहे. धनादेश व कागद तिकडे पाठवले तरी चालेल, सही करून पोच देईन.

आपली विश्वासू,
लेखा विभागातील माजी कर्मचारी